घसाऱ्याची नोंद: दोन ओळी आणि त्यामागची रक्कम

अकरावी वाणिज्यच्या पुस्तपालनाच्या पेपरात घसाऱ्याचा प्रश्न आला की विद्यार्थ्यांना आधी हायसे वाटते, कारण रोजकीर्दीतली नोंद पाठ असते. घसारा खाते नावे, यंत्रसामग्री खाते जमा. वर्ष पहिले असो की पाचवे, पद्धत स्थिर हप्त्याची असो की घटत्या शिल्लकीची, या दोन ओळी बदलत नाहीत. तरीही याच प्रश्नात गुण जातात, आणि बहुतेक वेळा खाते चुकल्यामुळे जात नाहीत. समोर लिहिलेली रक्कम चुकते. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत, म्हणजे ज्याला वर्गात सगळे ‘डब्ल्यूडीव्ही’ म्हणतात त्या पद्धतीत, प्रत्येक वर्षाची रक्कम मागच्या वर्षाच्या शिल्लकीतून निघते. त्यामुळे पहिल्या मार्चमध्ये झालेली चूक तिसऱ्या मार्चपर्यंत सोबत येते. नोंद कशी करायची हे पाच मिनिटांत सांगता येते, पण त्या नोंदीतली रक्कम कुठून आली हे समजायला एक प्रश्न सावकाश सोडवावा लागतो.

तर एक प्रश्न घेऊ. परीक्षेत येतो त्याच वळणाचा, आकडे मी सोयीचे धरले आहेत.

एका छापखान्याने 1 जुलै 2021 रोजी 1,80,000 रुपयांची यंत्रसामग्री विकत घेतली आणि ती आणणे, बसवणे यांवर 20,000 रुपये खर्च केले. 1 ऑक्टोबर 2022 रोजी 80,000 रुपयांचे आणखी एक यंत्र घेतले. 30 सप्टेंबर 2023 रोजी पहिल्या खरेदीतले कागद कापण्याचे यंत्र 28,000 रुपयांना विकले. त्याची बिलातली किंमत 36,000 रुपये होती. घसारा दरसाल 10 टक्के, घटत्या शिल्लकीवर. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते. सगळे व्यवहार बँकेतून झाले. तीन वर्षांच्या रोजकीर्द नोंदी करा.

पहिली नोंद खरेदीची. यंत्रसामग्री खात्याला 1,80,000 लागू करायचे की 2,00,000? यंत्र छापखान्यात येऊन, पायावर बसून, चालू होईपर्यंत जो खर्च होतो तो यंत्राच्याच किमतीत मोडतो. वाहतूक आणि उभारणी ‘खर्च’ वाटतात म्हणून विद्यार्थी ती रक्कम नफातोटा खात्याला टाकतात. मग घसारा 2,00,000 ऐवजी 1,80,000 वर निघतो आणि पुढचा प्रत्येक आकडा कमी पडत जातो. बरोबर नोंद अशी:

1 जुलै 2021
यंत्रसामग्री खाते ........ नावे 2,00,000
  बँक खात्याला ........ 2,00,000
(यंत्रसामग्री खरेदी केल्याबद्दल आणि ती आणण्या-बसवण्याचा खर्च दिल्याबद्दल)

आता 31 मार्च 2022. यंत्र जुलैपासून मार्चपर्यंत नऊ महिने वापरले. दर ‘दरसाल’ दिला आहे, म्हणून घसारा नऊ महिन्यांचाच: 2,00,000 चे 10 टक्के 20,000, त्याचे बाराव्या भागाने नऊ भाग 15,000. प्रश्नात ‘दरसाल’ किंवा ‘वार्षिक’ हा शब्द नसेल आणि नुसते ‘10 टक्के घसारा’ असे म्हटले असेल, तर काही प्राध्यापक खरेदीची तारीख न बघता पूर्ण वर्षाचा घसारा धरायला सांगतात. अशा वेळी जे धरले ते उत्तराखाली एका वाक्यात लिहावे. तपासणाऱ्याला गृहीतक दिसले की पुढची आकडेमोड त्याच गृहीतकावर तपासता येते. आपल्या प्रश्नात शब्द स्पष्ट आहे, त्यामुळे महिने मोजायचेच.

31 मार्च 2022
घसारा खाते ........ नावे 15,000
  यंत्रसामग्री खात्याला ........ 15,000
(यंत्रसामग्रीवर दरसाल 10 टक्के दराने नऊ महिन्यांचा घसारा आकारल्याबद्दल)

31 मार्च 2022
नफातोटा खाते ........ नावे 15,000
  घसारा खात्याला ........ 15,000
(घसारा नफातोटा खात्यात वर्ग केल्याबद्दल)

या दोन नोंदींमागचे कारण एकदा नीट समजले की पाठांतराची गरज उरत नाही. घसारा हे नामधारी खाते आहे. खर्च आणि तोटे नावे, या नियमाने ते नावे होते. यंत्रसामग्री हे वास्तव खाते. यंत्राचे मूल्य धंद्यातून थोडे बाहेर गेले म्हणून ते जमा होते. इथे एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. भाडे दिले तर बँकेतून पैसे जातात. घसाऱ्यात बँक खाते कुठेच येत नाही. पैसे गेले ते 1 जुलैलाच, एकदम. त्या दिवशी केलेल्या खर्चाचा एक तुकडा त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करणे एवढेच काम ही नोंद करते. म्हणूनच दुसरी नोंद लागते. घसारा खात्यात जमलेली रक्कम नफातोटा खात्यात नेली नाही तर त्या वर्षाच्या नफ्यावर तिचा काही परिणाम होत नाही, आणि घसारा खाते वर्षअखेरीस उघडेच राहते. पेपरात पहिली नोंद केली आणि दुसरी विसरली, असे पुष्कळदा घडते.

नोंदीनंतर यंत्रसामग्री खात्यावर शिल्लक 1,85,000. पुढच्या वर्षाचा घसारा या रकमेवर निघणार.

दुसऱ्या वर्षी, 1 ऑक्टोबर 2022 ला, नवे यंत्र आले. यंत्रसामग्री खाते नावे 80,000, बँक खात्याला 80,000. यात अडचण नाही. अडचण 31 मार्च 2023 ला येते. खातेवहीत यंत्रसामग्रीचे एकच खाते आहे आणि त्यावर आता 1,85,000 अधिक 80,000, म्हणजे 2,65,000 दिसतात. त्यावर सरळ 10 टक्के काढले तर 26,500 येतात, आणि ते चूक आहे, कारण नवे यंत्र फक्त सहा महिने वापरलेले आहे. जुन्या यंत्रांवर पूर्ण वर्षाचे 18,500, नव्यावर सहा महिन्यांचे 4,000, एकूण 22,500. रोजकीर्दीत ही एकच रक्कम लिहायची. दोन स्वतंत्र नोंदींची आवश्यकता नाही.

31 मार्च 2023
घसारा खाते ........ नावे 22,500
  यंत्रसामग्री खात्याला ........ 22,500
(जुन्या यंत्रसामग्रीवर 18,500 आणि नव्या यंत्रावर सहा महिन्यांचे 4,000 रुपये घसारा आकारल्याबद्दल)

त्यापाठोपाठ नफातोटा खाते नावे 22,500, घसारा खात्याला 22,500.

इथे मात्र शिल्लक एकच लिहून पुढे जाऊ नये. रोजकीर्द आणि खातेवहीत एकच आकडा असला, तरी कच्च्या कामाच्या पानावर प्रत्येक यंत्राची शिल्लक वेगळी ठेवावी. माझा आग्रह तर असा की पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखावेत: विकले जाणार आहे ते कापण्याचे यंत्र, पहिल्या खरेदीतली उरलेली यंत्रे, आणि नवे यंत्र. प्रश्न शेवटपर्यंत वाचला तर काय विकले जाणार आहे हे सुरुवातीलाच कळते. तीन रकाने नसले तर 30 सप्टेंबर 2023 ला पोचल्यावर मागे वळून सगळे पुन्हा काढावे लागते, आणि परीक्षेत तेवढा वेळ नसतो.

कापण्याच्या यंत्राची मूळ किंमत किती धरायची? बिलात 36,000. पण 20,000 चा आणण्या-बसवण्याचा खर्च सगळ्या यंत्रांसाठी मिळून होता. 1,80,000 मध्ये 36,000 म्हणजे पाचवा भाग, तेव्हा खर्चातलाही पाचवा भाग, 4,000, या यंत्राच्या वाट्याला येतो. मूळ किंमत झाली 40,000. (प्रश्नात ‘मूळ किंमत 40,000’ असे थेट दिलेले असले तर अर्थातच ही विभागणी करायची नाही.) रकाने असे भरतात:

कापण्याचे यंत्र: 40,000 वर नऊ महिन्यांचे 3,000, उरले 37,000, त्यावर 3,700, उरले 33,300.
उरलेली जुनी यंत्रे: 1,60,000 वर नऊ महिन्यांचे 12,000, उरले 1,48,000, त्यावर 14,800, उरले 1,33,200.
नवे यंत्र: 80,000 वर सहा महिन्यांचे 4,000, उरले 76,000.

तिन्हींची बेरीज 2,42,500. खातेवहीतही 2,65,000 वजा 22,500, म्हणजे 2,42,500. दोन्ही जुळले याचा अर्थ 1 एप्रिल 2023 पर्यंत रस्ता बरोबर आहे. ही पडताळणी दर मार्चला करावी, शेवटी एकदम नव्हे.

आता विक्री. गुण जाण्याची मुख्य जागा हीच. 30 सप्टेंबर 2023 ला कापण्याचे यंत्र 28,000 ला गेले. 1 एप्रिलला त्याची शिल्लक किंमत 33,300 होती. थेट 33,300 वजा 28,000 करून 5,300 चा तोटा दाखवण्याचा मोह होतो. पण एप्रिल ते सप्टेंबर हे यंत्र चालूच होते. त्या सहा महिन्यांचा घसारा आधी आकारायला हवा: 33,300 चे 10 टक्के 3,330, त्याचे अर्धे 1,665. विक्रीच्या दिवशीची शिल्लक किंमत 31,635. तोटा 3,635.

30 सप्टेंबर 2023
घसारा खाते ........ नावे 1,665
  यंत्रसामग्री खात्याला ........ 1,665
(विकलेल्या यंत्रावर सहा महिन्यांचा घसारा आकारल्याबद्दल)

30 सप्टेंबर 2023
बँक खाते ........ नावे 28,000
नफातोटा खाते ........ नावे 3,635
  यंत्रसामग्री खात्याला ........ 31,635
(यंत्र विकल्याबद्दल आणि विक्रीवरील तोटा नफातोटा खात्यात नेल्याबद्दल)

दुसरी नोंद कुणी दोन भागांत करतात, आधी बँक खात्याची 28,000 ची आणि मग तोट्याची 3,635 ची. दोन्ही रीती बरोबर. नफा झाला असता तर यंत्रसामग्री खाते नावे आणि नफातोटा खाते जमा झाले असते. विक्रीची रक्कम यंत्रसामग्री खात्याला जमा होते हे मात्र पक्के. ती विक्री खात्याला टाकली तर छापखाना यंत्रे विकण्याचाच धंदा करतो असा अर्थ निघेल.

सहा महिन्यांचा घसारा विसरलेल्या विद्यार्थ्याचे काय चुकले, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्याने तोटा 5,300 दाखवला. बरोबर उत्तरात घसारा 1,665 आणि तोटा 3,635. यांची बेरीज 5,300. नफ्यातून वजा झालेली एकूण रक्कम दोन्हीकडे सारखीच. मग चूक कशात? वापरामुळे किती मूल्य गेले आणि अंदाजापेक्षा कमी किमतीला विकल्याने किती गेले, या दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकत्र केल्या. पहिली घसाऱ्याखाली दिसायला हवी, दुसरी विक्रीवरील तोट्याखाली. ताळेबंद जुळतो म्हणून ही चूक उत्तर लिहिताना जाणवत नाही. घसाऱ्याच्या एकूण रकमेकडे पाहिले तरच ती सापडते.

हाच विचार थोडा पुढे नेला की सगळ्या प्रश्नाची एक पक्की कसोटी हाती येते. कापण्याच्या यंत्रावर छापखान्याने 40,000 घातले आणि 28,000 परत मिळवले. सत्तावीस महिन्यांत 12,000 गेले. आपल्या नोंदींतून ते कसे वाटले गेले? घसारा 3,000, 3,700 आणि 1,665. विक्रीवरील तोटा 3,635. बेरीज करा: बरोबर 12,000. समजा घसारा स्थिर हप्ता पद्धतीने, दर वर्षी मूळ किमतीवर, काढला असता. तर घसारा 3,000, 4,000 आणि 2,000 झाला असता, एकूण 9,000, शिल्लक किंमत 31,000 आणि तोटा 3,000. पुन्हा 12,000. पद्धत बदलली तरी गेलेले पैसे तेवढेच राहतात. कोणत्या वर्षाच्या नफ्यावर किती भार टाकायचा एवढेच पद्धत ठरवते. विकलेल्या प्रत्येक यंत्रासाठी हा ताळा करून पाहावा: मूळ किमतीतून विक्रीची रक्कम वजा केल्यावर येणारी रक्कम ही त्या यंत्राच्या एकूण घसाऱ्यात विक्रीवरील तोटा मिळवल्यावर, किंवा नफा वजा केल्यावर, यायलाच हवी. नाही आली, तर कुठेतरी एक वर्ष सुटले आहे किंवा दोनदा धरले गेले आहे.

आता 31 मार्च 2024. उरलेल्या जुन्या यंत्रांवर 1,33,200 चे 10 टक्के 13,320, नव्या यंत्रावर 76,000 चे 7,600, मिळून 20,920.

31 मार्च 2024
घसारा खाते ........ नावे 20,920
  यंत्रसामग्री खात्याला ........ 20,920
(वर्षाअखेर शिल्लक असलेल्या यंत्रसामग्रीवर घसारा आकारल्याबद्दल)

आणि त्यानंतरची नोंद? हात आपोआप ‘नफातोटा खाते नावे 20,920’ असे लिहितो, आणि चांगल्या तयारीचे विद्यार्थी नेमके इथे चुकतात. घसारा खात्यावर सप्टेंबरचे 1,665 अजून पडून आहेत. त्यांची वेगळी वर्ग नोंद आपण केली नव्हती. म्हणून वर्षाअखेरीस दोन्ही मिळून नेले पाहिजेत:

31 मार्च 2024
नफातोटा खाते ........ नावे 22,585
  घसारा खात्याला ........ 22,585
(वर्षभराचा एकूण घसारा नफातोटा खात्यात वर्ग केल्याबद्दल)

घसारा खात्याचे छोटे खातेपान कच्च्या पानावर उघडले तर ही चूक होत नाही. नावे बाजूला 1,665 आणि 20,920, जमा बाजूला 22,585, खाते बंद. बंद होत नसेल तर नोंद अपुरी आहे.

शेवटचा ताळा यंत्रसामग्री खात्याचा. सुरुवातीची शिल्लक 2,42,500. त्यातून 1,665, मग 31,635, मग 20,920 वजा. उरले 1,88,280. रकान्यांकडून पाहिले तर 1,19,880 आणि 68,400, बेरीज तीच. हा आकडा ताळेबंदात स्थिर मालमत्तेच्या बाजूला जातो.

वेळ कमी असेल तर शिल्लक किंमत तपासण्याची आणखी एक जलद रीत आहे. 10 टक्के घसारा म्हणजे 90 टक्के शिल्लक. नऊ महिन्यांचा साडेसात टक्के, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शिल्लक. सहा महिन्यांचा पाच टक्के, म्हणजे पंचाण्णव. कापण्याच्या यंत्रासाठी हे एकामागून एक गुणावे:

40,000 × 0.925 × 0.9 × 0.95 = 31,635

वर्षावर्षाची आकडेमोड करून आलेली शिल्लक याच्याशी जुळली, तर मधल्या तिन्ही पायऱ्या बरोबर आहेत. हा गुणाकार उत्तर म्हणून लिहू नये, कारण नोंदींना दर वर्षाची रक्कम वेगळी लागते. तपासणीला मात्र तो फार उपयोगी पडतो.

याच गुणाकारातून चुकीचा प्रवासही दिसतो. समजा पहिल्या वर्षी कुणी नऊ महिने न मोजता पूर्ण वर्षाचा घसारा, 20,000, धरला. शिल्लक 1,85,000 ऐवजी 1,80,000 राहिली, 5,000 नी कमी. दुसऱ्या वर्षी जुन्या यंत्रांची शिल्लक 1,66,500 ऐवजी 1,62,000, म्हणजे फरक 4,500. त्याच्या पुढच्या वर्षी तो 4,050. चूक दर वर्षी दहा टक्क्यांनी बारीक होत जाते, पण संपत नाही. स्थिर हप्ता पद्धतीत असे होत नाही. तिथे पहिल्या वर्षाचे महिने चुकले तरी दुसऱ्या वर्षाचा घसारा मूळ किमतीवरच निघतो आणि बरोबरच येतो. म्हणून घटत्या शिल्लकीच्या प्रश्नात पहिल्या वर्षाची आकडेमोड सर्वांत शांतपणे करावी.

या पद्धतीबद्दलचे आणखी दोन गैरसमज परीक्षेत हमखास दिसतात. पहिला असा की दर 10 टक्के असेल तर दहा वर्षांत यंत्र हिशेबातून संपले पाहिजे. स्थिर हप्त्यात ते खरे आहे. इथे दर वेळी उरलेल्यातला दहावा भाग जातो, म्हणून शून्य कधी येत नाही. 1,00,000 रुपयांच्या यंत्राची दहा पूर्ण वर्षांनंतरची शिल्लक सुमारे 34,868 असते. दुसरा गैरसमज मोडीच्या किमतीचा. स्थिर हप्ता पद्धतीत वापराची वर्षे दिलेली असली तर मूळ किमतीतून मोडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम वर्षांत वाटतात. घटत्या शिल्लकीत दर दिलेला असताना ती वजाबाकी करायची नाही, कारण दर ठरवतानाच मोडीची किंमत विचारात घेतलेली असते. प्रश्नात मोडीची किंमत लिहिलेली असली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नसते, आणि अनेकदा ती विद्यार्थ्याची समज पाहण्यासाठीच दिलेली असते.

मुळात उतरता घसारा का घ्यावा, याला धंद्यातले सरळ कारण आहे. नवे यंत्र पहिली वर्षे जोमाने काम देते आणि दुरुस्ती कमी मागते. जुने झाले की दुरुस्ती वाढते. घसारा सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी ठेवला की घसारा आणि दुरुस्ती मिळून दर वर्षीचा भार साधारण सारखा राहतो. ज्या वस्तू जुन्या होण्याआधीच कालबाह्य होतात, त्यांनाही ही पद्धत बसते. उलट, भाडेपट्ट्याची मुदत संपताच ज्याचे मूल्य शून्य व्हायलाच हवे अशा मालमत्तेला ती बसत नाही. तिथे स्थिर हप्ताच योग्य.

काही प्रश्नांत ‘घसारा तरतूद खाते ठेवा’ अशी सूचना असते. तेव्हा मात्र मी सुरुवातीला न बदलणाऱ्या म्हटलेल्या दोन ओळींतली एक बदलते. घसारा खाते नावे होते, पण जमा होते ते घसारा तरतूद खाते. यंत्रसामग्री खाते मूळ किमतीवरच उभे राहते. घटती शिल्लक मग खात्यावर आयती दिसत नाही. मूळ किमतीतून साठलेली तरतूद वजा करून ती काढावी लागते, आणि दहा टक्के तिच्यावर. यात विक्रीच्या दिवशी एक नोंद वाढते. आपल्या कापण्याच्या यंत्रावर साठलेली तरतूद 3,000, 3,700 आणि 1,665, एकूण 8,365. ती आधी यंत्रसामग्री खात्याकडे वळवायची:

घसारा तरतूद खाते ........ नावे 8,365
  यंत्रसामग्री खात्याला ........ 8,365
(विकलेल्या यंत्रावर साठलेली तरतूद वर्ग केल्याबद्दल)

मग बँक 28,000 आणि तोटा 3,635 नावे, यंत्रसामग्री 31,635 जमा. 8,365 आणि 31,635 मिळून 40,000, म्हणजे मूळ किंमत खात्यातून पूर्ण गेली. ही नोंद राहिली तर विकलेल्या यंत्राचे 8,365 रुपये यंत्रसामग्री खात्यावर तसेच दिसत राहतात आणि तेवढीच तरतूदही समोरच्या खात्यात अडकून पडते. प्रश्नात कोणती रीत मागितली आहे हे पहिल्या वाचनातच अधोरेखित करावे, कारण दोन्ही रीतींची सरमिसळ झालेले उत्तर दुरुस्त करायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

एक इशारा बारावीनंतर पदवीला किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात शिकायला जाणाऱ्यांसाठी. आयकराच्या हिशेबातही घटत्या शिल्लकीवरच घसारा काढतात, पण नियम वेगळे. तिथे सारख्या दराच्या मालमत्तांचा एक गट धरतात, महिने मोजत नाहीत. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या मालमत्तेवर निम्म्या दराने घसारा मिळतो. गटातली एखादी वस्तू विकली तर विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लकीतून वजा होते. एकेका यंत्राचा वेगळा तोटा सहसा काढत नाहीत. आपल्या प्रश्नातले 1 जुलै 2021 चे यंत्र त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा जास्त वापरले गेले, म्हणून आयकराच्या रीतीने त्यावर नऊ महिन्यांचा नव्हे तर पूर्ण वर्षाचा घसारा निघेल. कर सल्लागाराकडे काही महिने काम केलेला मुलगा पुस्तपालनाच्या पेपरात सवयीने 180 दिवसांचा नियम लावतो आणि पहिल्याच नोंदीत 15,000 ऐवजी 20,000 लिहितो. पेपरात आयकराचा उल्लेख नसेल तर महिनेच मोजायचे.